अचानक बंद पडणारा लॅपटॉप: धूळ, थर्मल पेस्ट आणि तापमानाचे वाचन

या प्रकरणातील लॅपटॉप सुमारे पाच वर्षे वापरात होता. तो पातळ बांधणीचा होता, त्यात वेगळी ग्राफिक्स चिप नव्हती आणि त्यावर लिनक्स चालत होते. मालकाची तक्रार अशी की लेखन, वाचन किंवा व्हिडिओ पाहणे यांसारख्या हलक्या कामात काहीही अडचण येत नाही. मात्र संपादित केलेला व्हिडिओ अंतिम स्वरूपात तयार करायला लावला की पाच-सात मिनिटांत पंखा जोराने घोंगावू लागतो आणि पडद्यावर कोणतीही सूचना न येता यंत्र बंद पडते. लगेच बटण दाबले तर ते सुरू होते, पण तेच काम पुन्हा लावल्यावर या वेळी मिनिटभरातच मान टाकते. तासाभराने सुरू केले तर पुन्हा पाच-सात मिनिटे टिकते.

ही शेवटची बाब तक्रारीतील सर्वांत उपयुक्त माहिती होती. अचानक बंद पडण्याची कारणे अनेक असतात: अडॅप्टर पुरेशी वीज देत नसेल, बॅटरीतील एखादा सेल कमकुवत झाला असेल, मेमरीत दोष असेल किंवा मदरबोर्डवरचा एखादा भाग निकामी होत आला असेल. वीजपुरवठ्याचा दोष असल्यास भार पडताच, म्हणजे पहिल्या काही सेकंदांतच, यंत्र बंद पडण्याची शक्यता अधिक असते, कारण प्रोसेसर सुरुवातीच्या क्षणीच सर्वाधिक वीज ओढतो. येथे मात्र थंड यंत्र जास्त वेळ टिकत होते आणि गरम यंत्र कमी वेळ. वेळेचे असे गणित सहसा उष्णतेचेच असते. तरीही खात्रीसाठी तेच काम एकदा केवळ बॅटरीवर आणि एकदा अडॅप्टर जोडून करून पाहिले. दोन्ही वेळा परिणाम जवळपास सारखाच आला, त्यामुळे वीजपुरवठ्यावरचा संशय बराच कमी झाला.

यानंतर आधीच्या सत्रातील कर्नलचा लॉग वाचला.

```
journalctl -k -b -1
```

त्यात दोन प्रकारच्या ओळी सापडल्या. पहिल्या प्रकारात `Core temperature above threshold, cpu clock throttled` असा मजकूर अनेक वेळा आला होता. प्रोसेसर आपल्या कमाल तापमानाला पोचला आणि त्याने स्वतःचा वेग कमी केला, असा त्याचा अर्थ. ही ओळ एकटीच असती तर ती बंद पडण्याचे कारण ठरली नसती, कारण वेग कमी करणे हा प्रोसेसरचा बचाव आहे आणि त्यामुळे यंत्र संथ होते, बंद पडत नाही. दुसऱ्या प्रकारची ओळ एकदाच, लॉगच्या अगदी शेवटी होती आणि तिच्यात `acpitz: critical temperature reached` असे लिहिले होते. म्हणजे यंत्र कोसळले नव्हते. ते जाणीवपूर्वक बंद करण्यात आले होते.

अशी ओळ प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. पुष्कळदा लॉग मध्येच तुटलेला दिसतो, कारण फर्मवेअर किंवा खुद्द प्रोसेसर कार्यप्रणालीला काही न कळवता वीज तोडतो आणि शेवटच्या ओळी डिस्कवर पोचतच नाहीत. म्हणून ओळ सापडली नाही एवढ्यावरून उष्णतेचे कारण निकालात काढू नये. विंडोज वापरणाऱ्यांना इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी `Kernel-Power` या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद हमखास दिसते, पण ती केवळ ‘यंत्र नीट बंद झाले नाही’ एवढेच सांगते. त्याच नावाखाली ८६ क्रमांकाची नोंद असेल तर मात्र उष्णतेमुळे बंद झाल्याचा तो स्पष्ट पुरावा असतो.

लॉगमधून एक नवाच प्रश्न उभा राहिला. प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला सांभाळत होता, तर मग मर्यादा कोणी ओलांडली? लॅपटॉपमध्ये तापमान मोजणारी जागा एकच नसते. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये स्वतःचा सेन्सर असतो, एसएसडीमध्ये वेगळा असतो आणि मदरबोर्डवर एक किंवा अधिक असतात. `sensors` ही आज्ञा दिल्यावर या यंत्रात प्रोसेसरचे आकडे `coretemp` या नावाखाली आणि बोर्डाचा आकडा `acpitz` या नावाखाली दिसत होता. प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस होती. बोर्डाच्या सेन्सरची मर्यादा मात्र उत्पादकाने फर्मवेअरमध्ये ठरवलेली असते आणि ती पुढीलप्रमाणे वाचता येते. आकडा अंशाच्या हजाराव्या भागात येतो, म्हणजे ८५००० याचा अर्थ ८५ अंश.

```
cat /sys/class/thermal/thermal_zone0/trip_point_0_type
cat /sys/class/thermal/thermal_zone0/trip_point_0_temp
```

या यंत्रात पहिल्या ओळीचे उत्तर `critical` आणि दुसरीचे ८५००० आले. म्हणजे प्रोसेसर १०० अंशांवर स्वतःला धरून ठेवत होता, पण बाहेर न जाणारी उष्णता हळूहळू बोर्डात मुरत होती आणि तिथले तापमान ८५ अंशांवर जाताच यंत्र बंद केले जात होते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही यंत्रांत `acpitz` हा आकडा खरा नसतो. तो कोणत्याही परिस्थितीत एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ २७.८ अंशांवर, खिळलेला राहतो. भार दिल्यावर हलतो तोच सेन्सर विश्वासार्ह, एवढी तपासणी आधी करावी. प्रोसेसरमधील सेन्सरही त्याच्या कमाल मर्यादेच्या आसपास अधिक अचूक असतात आणि थंड अवस्थेत कमी, कारण ते मुळात ‘मर्यादेपासून किती खाली’ हे मोजण्यासाठी घडवलेले आहेत. त्यामुळे रिकाम्या बसलेल्या यंत्राचे तापमान ४२ आहे की ४६ यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. खोलीचे तापमान २८ अंश होते. सर्व कोअरवर सारखा भार टाकणारी आज्ञा एका खिडकीत चालवली आणि दुसऱ्या खिडकीत वेग, तापमान व प्रोसेसर वापरत असलेले वॅट एकत्र पाहिले. दुसरी आज्ञा इंटेल प्रोसेसरसाठी आहे. विंडोजवर हेच तिन्ही आकडे HWiNFO मध्ये दिसतात.

```
stress-ng --cpu 0 --timeout 600
sudo turbostat --Summary --interval 2 --show Bzy_MHz,PkgTmp,PkgWatt
```

यंत्र मध्येच बंद पडणार हे माहीत असल्याने तिसऱ्या खिडकीत सेन्सरचे आकडे दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये साठवले. `sync` यासाठी की शेवटचे आकडे मेमरीतच न राहता डिस्कवर उतरावेत.

```
while true; do
  date +%T; sensors; sync
  sleep 2
done >> ~/taapman.log
```

तापमानाचा आकडा एकटा पाहणे ही या विषयातील सर्वांत प्रचलित पद्धत आहे आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाची. १०० अंश हा आकडा १२ वॅटवर आला आहे की ४० वॅटवर, यावर त्याचा अर्थ पूर्णपणे बदलतो. पहिल्या स्थितीत शीतकरण जवळजवळ बंद पडलेले असते, तर दुसऱ्या स्थितीत ते उत्तम चालत असूनही प्रोसेसरची भूक मोठी असू शकते. म्हणून खोलीच्या तापमानापेक्षा प्रोसेसर किती अंश वर गेला हे काढून त्याला वॅटने भागावे. येणारा आकडा, म्हणजे दर वॅटमागे चढलेले अंश, हे त्या यंत्राच्या शीतकरणाचे माप असते आणि दुरुस्तीआधीची व नंतरची तुलना त्यावरूनच प्रामाणिकपणे करता येते.

या यंत्राला फर्मवेअरने दीर्घकाळासाठी २८ वॅटची परवानगी दिली होती. भार सुरू होताच प्रोसेसर दोन सेकंदांत १०० अंशांवर पोचला. तिथून तापमान हलले नाही, पण वॅट घसरत गेले आणि सहाव्या मिनिटाच्या सुमारास १२ वर आले. शंभरातून २८ वजा केले तर ७२ उरतात. त्यांना १२ ने भागले की दर वॅटमागे ६ अंश येतात. तोपर्यंत बोर्डाचे तापमान संथपणे चढत ८५ पर्यंत गेले आणि यंत्र बंद पडले. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, पण बाजूच्या झरोक्याजवळ हात धरल्यावर हवेचा झोत जेमतेम जाणवत होता. पंखा फिरतच नसता किंवा अडखळत असता तर तो बदलण्याची वेळ आली असती. तो वेगात असूनही वारा बाहेर येत नसेल तर वाट कुठेतरी अडलेली असते.

निदानाचा खरा आधार मात्र तापमानाच्या चढाचा आकार होता. प्रोसेसरच्या चिपमधून उष्णता आधी थर्मल पेस्टमधून धातूच्या पट्टीत जाते, पट्टीतून हीटपाइपच्या वाटेने पातळ धातूच्या पात्यांपर्यंत जाते आणि पात्यांवरून पंख्याच्या हवेत मिसळते. यात अडथळा दोन ठिकाणी येऊ शकतो आणि दोन्हींचा वेग निराळा असतो. चिप अतिशय लहान असल्याने पेस्टमध्ये दोष असेल तर उष्णता चिपमध्येच तुंबते आणि तापमान एक-दोन सेकंदांत उडी मारते; भार थांबवला की तितक्याच झपाट्याने ते खाली येते. पात्या किंवा हवेची वाट अडलेली असेल तर आधी पट्टी, हीटपाइप व पात्या मिळून झालेला संपूर्ण हीटसिंक तापावा लागतो, म्हणून चढ काही मिनिटांचा असतो आणि भार थांबल्यावरही तापमान रेंगाळत उतरते. या नोंदींत दोन्ही खुणा होत्या. सुरुवातीची उडी पेस्टकडे बोट दाखवत होती, आणि मिनिटागणिक घसरणारे वॅट व चढत जाणारा बोर्ड हवेच्या वाटेकडे. शिवाय कोअरच्या तापमानांत १४ अंशांपर्यंत फरक होता. सर्व कोअरवर सारखा भार असताना थोडा फरक स्वाभाविक आहे, पण एवढा मोठा फरक पट्टी चिपवर सगळीकडे सारखी टेकत नसल्याचे सुचवतो.

दोन्ही कामे एकाच वेळी न करता आधी केवळ धूळ काढायची आणि पुन्हा मोजायचे असे ठरवले. या बांधणीत हीटसिंक न काढता पंखा वेगळा काढता येत असल्याने ते सोपे होते. यंत्र पूर्ण बंद करून अडॅप्टर काढला, खालचे झाकण उघडले आणि सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली. त्यानंतर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे बोर्डात उरलेला विद्युतभार निघून जातो. झाकणाचे स्क्रू काढलेल्या क्रमाने कागदावर मांडून ठेवले, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी लावला तर तो बोर्डात किंवा की-बोर्डात घुसू शकतो.

पंख्याची पाती तशी स्वच्छ वाटत होती. खरा प्रकार पंखा उचलल्यावर दिसला: पंख्याचे तोंड आणि धातूच्या पात्या यांच्या सांध्यावर धूळ व तंतू यांचा गोधडीसारखा घट्ट थर बसला होता आणि त्याने झरोक्याचा बहुतेक भाग आतून झाकला होता. असा थर बाहेरून दिसत नाही. बाहेरच्या झरोक्यातून हवा मारण्याचा लोकप्रिय उपाय येथे फसतो तो याच कारणाने. हवेच्या दाबाने थर सुटला तरी तो उलट पंख्यात जाऊन अडकतो किंवा तुकड्यांनी पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. हा थर चिमट्याने सबंध उचलून काढला, पात्यांमधली उरलेली धूळ मऊ ब्रशने सोडवली आणि मग आतून बाहेरच्या दिशेने हवेचे छोटे झोत दिले. पंख्यावर हवा मारताना त्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा तो त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोराने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नये, कारण त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर विद्युत साठते.

पंखा परत बसवून तीच चाचणी त्याच खोलीत घेतली. यंत्र पूर्ण दहा मिनिटे चालले, बंद पडले नाही आणि बोर्डाचे तापमान ६१ अंशांच्या वर गेले नाही. बहुतेक दुरुस्त्या या टप्प्यावर संपतात, कारण तक्रार मिटलेली असते. आकडे मात्र वेगळे सांगत होते. प्रोसेसर अजूनही दोन सेकंदांत १०० अंशांवर उडी मारत होता आणि २२ वॅटवर स्थिरावत होता. ७२ भागिले २२ म्हणजे दर वॅटमागे ३.३ अंश. सहावरून ३.३ ही मोठी सुधारणा होती, पण मंजूर २८ वॅट प्रोसेसरला मिळत नव्हते आणि कोअरमधला फरक जसाच्या तसा होता. धुळीचा भाग निघाला होता, पेस्टचा उरला होता.

हीटसिंक काढण्याआधी यंत्र काही मिनिटे हलके चालवून कोमट केले, म्हणजे जुनी पेस्ट मऊ पडते. मग ते बंद करून बॅटरीची जोडणी पुन्हा सोडवली. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १ ते ४ असे आकडे कोरलेले असतात. हा घट्ट करण्याचा क्रम असतो आणि सोडवताना तो उलटा घ्यायचा असतो, तोही एकेक स्क्रू सबंध न काढता प्रत्येकाला थोडी थोडी ढील देत. लॅपटॉपमधील चिपवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते. काचेसारखी ठिसूळ सिलिकॉनची चिप उघडीच असते आणि एका बाजूने दाब आला तर तिचा कोपरा तुटतो. सर्व स्क्रू सुटल्यावरही पट्टी चिकटून राहिली, तेव्हा ती वर न ओढता डावी-उजवीकडे किंचित वळवून सोडवली.

खाली जे दिसले त्याने मोजणीला दुजोरा दिला. पेस्ट चिपच्या कडेला जाड वळीसारखी जमली होती आणि मधला भाग जवळजवळ उघडा पडला होता. चिप तापली की ती व पट्टी किंचित प्रसरण पावतात आणि निवली की आकुंचन पावतात. वर्षानुवर्षांच्या या हालचालीत पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणूनच ‘पेस्ट वाळली’ असे सरसकट म्हटले जात असले, तरी पुष्कळदा दोष वाळण्याचा नसून सरकण्याचा असतो. याचा व्यवहारातला परिणाम असा की उघड्या चिपसाठी उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेणारी, पण पातळ पेस्ट निवडण्यापेक्षा दाट आणि जागा न सोडणारी पेस्ट अधिक काळ टिकते. द्रवरूप धातूचा मोह या कामात टाळलेला बरा. त्यातील गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खाते, आणि तो वीजवाहक असल्याने एक थेंब शेजारच्या घटकांवर ओघळला तरी बोर्ड जाऊ शकतो.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने चिप व पट्टी दोन्हींवरून पुसली. धातूचे टोकदार हत्यार चिपला लावले नाही. पट्टीच्या उरलेल्या भागाखाली, वीज नियंत्रित करणाऱ्या घटकांवर, मऊ थर्मल पॅड होते. ते अखंड होते म्हणून तसेच ठेवले. पॅड फाटल्यास त्याच जाडीचा नवा घ्यावा लागतो, कारण मूळ पॅडपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसवला तरी पट्टी एका बाजूने उचलली जाते आणि चिपवरचा संपर्क सुटतो. पॅडच्या जागी पेस्ट भरून ती फट बुजत नाही.

उघड्या चिपवर मध्ये थेंब ठेवून तो दाबाने पसरेल असे मानण्यापेक्षा संपूर्ण पृष्ठभागावर पातळ, सलग थर सपाट पट्टीने पसरवणे सुरक्षित असते, कारण कोपरा कोरडा राहिला तर नेमक्या त्याच कोपऱ्याखालचा कोअर तापतो. जास्त पेस्ट बाहेर आली तर ती सहसा वीजवाहक नसल्याने फार बिघडत नाही. कमी पडली तर सगळेच काम वाया जाते. हीटसिंक सरळ खाली ठेवला, मागे-पुढे सरकवला नाही, आणि स्क्रू कोरलेल्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत घट्ट केले.

तिसऱ्या चाचणीत आलेखाचा आकारच बदलला. भार सुरू होताच प्रोसेसर ४५ वरून साधारण ७० अंशांवर गेला आणि तिथून काही मिनिटे घेत ८३ वर स्थिरावला, तेही पूर्ण २८ वॅट वापरत. खोली तेव्हाही २८ अंशांवर होती, म्हणून ५५ भागिले २८, म्हणजे दर वॅटमागे जवळपास २ अंश. भार थांबवल्यावर तापमान क्षणात ७० च्या खाली आले आणि मग हळू उतरले. कोअरमधला फरक चार अंशांवर आला. बोर्डाचा सेन्सर मात्र या वेळी ६८ दाखवत होता, म्हणजे आधीच्या ६१ पेक्षा जास्त. वरकरणी हे उलटे वाटते, पण त्यात दोष नाही: आता २२ ऐवजी २८ वॅट चिपमधून बाहेर पडून हीटसिंकमध्ये पोचत आहेत, त्यामुळे त्याच्या भोवतीचा बोर्ड थोडा अधिक तापणारच. ८५ ची मर्यादा अजून बरीच दूर आहे. मूळ व्हिडिओचे काम त्यानंतर अडथळ्याविना पूर्ण झाले.

या दुरुस्तीला मर्यादाही आहेत. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवून खालचे झरोके झाकले, तर स्वच्छ पात्या आणि नवी पेस्ट असूनही बोर्ड तापेल. तसेच चिप थंड असताना, सुरुवातीच्याच क्षणी यंत्र बंद पडत असते, तर या कामाचा काही उपयोग झाला नसता आणि शोध वीजपुरवठ्याकडेच न्यावा लागला असता.

तिन्ही चाचण्यांची नोंद खोलीच्या तापमानासह मालकाच्या यंत्रातच ठेवली आहे. सहा महिन्यांनी तीच चाचणी घेतल्यावर दर वॅटमागचे अंश दोनवरून वाढलेले दिसले, पण सुरुवातीची उडी ७० च्या आसपासच राहिली, तर केवळ पंखा काढून पात्या पाहायच्या; उडीच ८५-९० पर्यंत गेली किंवा कोअरमधला फरक पुन्हा दहाच्या पुढे गेला, तर हीटसिंक उघडायचा.